ह्यांना गुहागर, मला डोंबिवली: फ्लॅट विकायचा की नाही?

मधुमालती_डोंबिवली

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. थोडं लांबेल.

माझं वय ५७, ह्यांचं ५९. हे येत्या मार्चमध्ये खासगी कंपनीतून निवृत्त होतील. मी पतपेढीत बावीस वर्षं होते, दोन वर्षांपूर्वी सोडलं. मुलगी पुण्यात नोकरीला आहे, तिचं लग्न झालंय.

ह्यांचं मूळ गाव गुहागर तालुक्यात. आजोबांच्या वेळचं चिऱ्याचं, कौलारू घर, मागे थोडी नारळी-पोफळीची बाग. हे लहानपणी तिथे वाढले. गेली पाच वर्षं एकच म्हणणं आहे: निवृत्त झालो की डोंबिवलीचा फ्लॅट विकायचा, तीस लाख घालून गावचं घर नव्यासारखं करायचं, उरलेले पैसे एफडीत टाकून आरामात राहायचं.

माझं मन तिथे घेत नाही. गाव वाईट आहे म्हणून नव्हे. ह्यांच्यासाठी ते घर आहे, माझ्यासाठी सासर आहे. तीस वर्षं गणपतीत आणि शिमग्याला जाते, तेव्हा पहाटे पाचला उठून वीस माणसांचं रांधते. तिथे मला कुणी नावाने ओळखत नाही, अमक्याची बायको म्हणून ओळखतात. डोंबिवलीत माझं भजनी मंडळ आहे, वाचनालय आहे, दोन जिवाभावाच्या मैत्रिणी चालत पाच मिनिटांवर आहेत. तीस वर्षं लोकलने धक्के खाल्ल्यावर आत्ता कुठे हे शहर मला माझ्यासाठी मिळालंय.

आकडे देते. ह्यांचा पीएफ ४४ लाख, ग्रॅच्युइटी ११ लाख येईल. माझे एफडीत १३ लाख आणि म्युच्युअल फंडात १० लाख. ह्यांची ईपीएसची पेन्शन ४,१५० रुपये, ती ५८ पासून चालू झाली. कर्ज नाही. फ्लॅट दोघांच्या नावावर, २००६ मध्ये सगळं धरून २१ लाखांना घेतलेला, आज एजंट ८५ सांगतो. महिन्याचा खर्च ४२ हजार.

हे म्हणतात, फ्लॅट विकल्याशिवाय निवृत्तीचा हिशोबच बसत नाही. हे खरं आहे का? मला आधी तेवढंच कळून हवंय.

---

नाना_दापोलीकर

ताई, विका बिनधास्त. शहरात काय ठेवलंय? आणि टॅक्सची चिंता करू नका. घर विकून घरात पैसे घातले की टॅक्स माफ असतो. गावच्या घराच्या दुरुस्तीत तीस लाख गेले की तेवढ्यावर सूट. माझ्या साडूने असंच केलं.

---

वहीखातं

मी ३४ वर्षं बँकेत होतो, आता सांगलीत असतो. आधी मूळ प्रश्न: फ्लॅट न विकता महिना चालतो का?

तुमचे सगळे मिळून ७८ लाख होतात. साहेब ६० चे झाले की पोस्टात किंवा बँकेत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं खातं काढा, एका माणसाला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. आजचा दर ८.२ टक्के. दर तीन महिन्यांनी ६१,५०० येतात, म्हणजे महिन्याला २०,५०० पडले. त्यानंतर पोस्टाची मासिक प्राप्ती योजना, दोघांच्या नावावर १५ लाख, ७.४ टक्क्यांनी महिना ९,२५०. पेन्शन ४,१५०. बेरीज ३३,९००.

खर्च ४२,०००. तूट आठ हजार शंभर, म्हणजे वर्षाला साधारण ९७ हजार. आणि अजून ३३ लाख तुमच्या हातात शिल्लक आहेत. त्यातले १० लाख आजारपणासाठी वेगळे ठेवा, हात लावायचा नाही. राहिलेल्या २३ लाखांतून तूट भरून काढायची आणि बाकीचं वाढू द्यायचं. तुम्ही ६० च्या झालात की तुमच्या नावाचं वेगळं ज्येष्ठ नागरिक खातं निघेल. ५५ नंतर निवृत्त झालेल्यांना पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांत ते काढता येतं, पण तुमची ती मुदत टळली आहे.

म्हणजे फ्लॅट न विकता घर चालतं. फ्लॅट विकायची गरज रोजच्या खर्चासाठी नाही, फक्त गावचं घर बांधण्यासाठी आहे. हे दोन प्रश्न तुमच्या घरात एकमेकांत गुंतले आहेत, ते आधी सोडवा.

एक धोका मात्र सांगतो. महागाई सहा टक्के धरली तर ४२ हजारांचा खर्च बारा वर्षांत ८४ हजार होतो. पोस्टाचं व्याज तेवढंच राहतं. म्हणून ते २३ लाख सगळे एफडीत झोपवून ठेवू नका. आणि म्हणूनच फ्लॅट हा तुमचा मागचा आधार आहे, तो पहिल्याच वर्षी मोडू नये असं मला वाटतं.

नाना, दुरुस्तीवर सूट हा गैरसमज फार पसरला आहे. सवलत नवीन घर विकत घेतल्यावर किंवा नवीन बांधल्यावर मिळते. घेतलं तर विक्रीच्या आधी एक वर्ष ते नंतर दोन वर्षं, बांधलं तर नंतर तीन वर्षांच्या आत. जुन्या घराची कौलं बदलली, फरशी घातली, न्हाणीघर बांधलं, हे त्यात बसत नाही. तुमच्या साडूंना अजून नोटीस आली नसेल, एवढंच.

---

नाना_दापोलीकर

त्यांनी अर्धं पाडून बांधलं होतं. त्याचं मला नक्की माहीत नाही. विचारून सांगतो.

---

मधुमालती_डोंबिवली

वहीखातं दादा, तुमचा हिशोब ह्यांना वाचून दाखवला. ह्यांनी लगेच पुढचा मुद्दा काढला, तो जसाच्या तसा लिहिते, कारण मला त्याचं उत्तर देता आलं नाही.

हे म्हणतात, फ्लॅट भाड्याने दिला तर १७ हजार येतील. विकला, टॅक्स आणि दलाली गेली तरी ८० हातात पडतील, ३० गावच्या घराला गेले की ५० उरतात. ५० लाखांचं सात टक्क्यांनी महिन्याला २९ हजार व्याज. १७ हजारांसाठी ८० लाखांची वस्तू धरून बसायचं हा कुठला व्यवहार?

---

वहीखातं

साहेबांचा हिशोब चुकीचा नाही, अपुरा आहे. २९ हजार १७ पेक्षा जास्त आहेतच. पण भाडं दर करारात थोडं वाढतं, व्याज वाढत नाही. दहा वर्षांनी ५० लाख हे ५० लाखच असतील आणि त्यांची किंमत जवळपास निम्मी झालेली असेल.

दुसरं, परत यायचं झालं तर काय? टॅक्सपासून बघू. तुमचं घर जुलै २०२४ च्या आधीचं, म्हणून दोन्ही पद्धतींनी हिशोब करून कमी येईल तो भरता येतो. महागाई निर्देशांक लावला तर २१ लाखांचे आज साधारण ६५ लाख होतात (२००६-०७ चा आकडा १२२, २०२५-२६ चा ३७६). नफा २० लाख, त्यावर २० टक्के म्हणजे ४ लाख. निर्देशांक न लावता ६४ लाखांवर साडेबारा टक्के म्हणजे ८ लाख. तुम्ही ४ भराल, निम्मे-निम्मे दोघांच्या नावावर. त्यावर दलाली.

आता समजा दोन वर्षांनी गाव जमलं नाही आणि तसाच फ्लॅट डोंबिवलीत पुन्हा घ्यायचाय. ८५ लाखांवर सहा-सात टक्के स्टँप ड्यूटी, नोंदणीचे ३० हजार, पुन्हा दलाली. जाऊन-येऊन दहा-बारा लाख नुसते वाटेत सांडतात, आणि गावात घातलेले ३० लाख तिथून काढता येत नाहीत. हा खर्च साहेबांच्या कागदावर कुठेच नाही.

---

पागोळी

मी ह्या धाग्यावर साहेबांच्या बाजूने लिहिणार आहे, कारण कुणीतरी लिहायला हवं.

मी सहा वर्षांपूर्वी ठाण्याहून गावी आलो, चिपळूणपासून तासाभरावर. माझ्या आयुष्यातला हा सगळ्यात चांगला निर्णय. सकाळी अंगणात बसलो की मला वेगळं काही नको असतं. मधुमालतीताई, तुमच्या ह्यांना जे हवंय ते उगाच स्वप्नाळू नाही. ज्याचं बालपण तिथल्या मातीत गेलंय त्याला डोंबिवलीच्या तिसऱ्या मजल्यावर म्हातारं व्हायचं नसतं, हे तुम्हीही समजून घ्या.

पण खरं सांगायचं तर पहिला पावसाळा पार केल्याशिवाय कुणी काही विकू नये. मे महिन्यात आणि गणपतीत गाव पाहणारा माणूस गाव पाहतच नाही. जूनमध्ये आगोट भरून ठेवली की जुलैत दोन-दोन दिवस वीज नसते. भिंतींना ओल येते, कपडे वाळत नाहीत. दरवर्षी पावसाआधी घर शाकारायचं तर माणूस मिळत नाही, मिळाला तर त्याच्या सवडीने येतो. माकडं कौलं फोडतात आणि शहाळी खाऊन टाकतात. बागेचं उत्पन्न धरून कुणी हिशोब करत असेल तर ते शून्य धरा.

दवाखान्याचं बोलतो. तापा-खोकल्याला गावात डॉक्टर आहेत. पण छातीत कळ आली तर चिपळूण किंवा डेरवण गाठायचं, पावसात रात्रीच्या वेळी दीड तास धरा. गाडी चालवणारा घरात हवा. ताई, तुम्ही गाडी चालवता का?

आणि एक. माझ्या बायकोने पहिल्या वर्षी फार सोसलं. तिला करमायला लागलं ते तिने शाळेतल्या मुलींना शिवण शिकवायला सुरुवात केली तेव्हा. त्याआधी ती माझ्या घरातली पाहुण्यांची सरबराई करणारी सून होती. हे मला तेव्हा दिसलं नाही, आता दिसतं.

---

अमृता_इचलकरंजी

आमचंही हेच चाललंय! आम्हाला कोकणात जागा घ्यायची आहे, माझे मिस्टर शेतकरी नाहीत, तर शेतजमीन घेता येईल का? एजंट म्हणतो दाखला काढून देतो. दापोलीजवळ गुंठ्याचा भाव काय चाललाय?

---

वहीखातं

अमृताताई, शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात शेतजमीन घेता येत नाही, आणि दाखला "काढून देतो" म्हणणाऱ्यापासून लांब राहा. बिनशेती केलेली जागाच बघा. ह्याचा वेगळा धागा काढा, इथे मधुमालतीताईंचं मागे पडेल.

---

मधुमालती_डोंबिवली

पागोळी दादा, मला गाडी येत नाही. तुमची शेवटची ओळ मी ह्यांना दोनदा वाचून दाखवली. बराच वेळ गप्प बसले.

एक राहून गेलं. गावचं घर अजून आजोबांच्या नावावर आहे. घरपट्टी हेच भरतात आणि पावती ह्यांच्या नावाने येते. दोन चुलत दीर मुंबईत आहेत, ते फक्त गणपतीत येतात, कधी काही मागत नाहीत.

---

कुळकायदा

नोंदणी कार्यालयात कागद करण्यात माझं आयुष्य गेलं, म्हणून एवढ्याचसाठी लिहिते. आधीच्या सगळ्या आकड्यांपेक्षा ही शेवटची ओळ मोठी आहे.

ताई, घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे. ग्रामपंचायतीच्या आठ नंबरच्या उताऱ्यावर नाव असलं तरी त्याने फक्त कर कुणाकडून घ्यायचा ते ठरतं. आजोबांच्या पश्चात ते घर सगळ्या वारसांचं आहे. दोन चुलत दीर तर आहेतच, त्यांच्या बहिणी आहेत का? तुमच्या नणंदा? आत्या हयात आहेत का, नसल्या तर त्यांची मुलं? हे सगळे मोजा.

अशा घरात तीस लाख घातले तर ते तीस लाख सगळ्यांच्या घरात घातले. आज कुणी काही मागत नाही, कारण आज तिथे मागण्यासारखं काही नाही. मोडकं घर असतं तोवर "तूच बघ बाबा" म्हणतात. फरशी लागली, वर स्लॅब पडला, रस्ता रुंद झाला की पुढच्या पिढीला हिस्सा आठवतो. माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून सख्खी भावंडं रडलेली मी पाहिली आहेत.

आणि ह्यात तुम्ही कुठे आहात ते बघा. आज फ्लॅटमध्ये निम्मा हिस्सा तुमच्या स्वतःच्या नावावर आहे. तो विकून पैसे गावात घातले की तुमच्या नावावर कुठलंच घर उरत नाही. देव करो आणि असं न होवो, पण साहेबांचं काही झालं तर त्यांच्या वाट्याला येणाऱ्या तुकड्यातही तुम्ही आणि मुलगी दोघी वारस. सासूबाई असल्या तर त्यासुद्धा.

गवंड्याला बोलवण्याआधी सगळ्या सहहिस्सेदारांकडून नोंदणी केलेलं वाटपपत्र किंवा हक्कसोडपत्र. साध्या कागदावरची, पाचशेच्या स्टँपवरची संमती चालत नाही. तुमच्या गावठाणात ड्रोनची मोजणी होऊन मिळकत पत्रिका निघाली असेल तर त्यावर नाव कुणाचं लागलंय ते आधी बघा.

---

नाना_दापोलीकर

गावाकडे असं कागद-कागद करत बसलं तर नाती तुटतात हो. तोंडी शब्दाला किंमत असते.

---

कुळकायदा

नाना, किंमत आहे म्हणून तर तो दोघं जिवंत असताना लिहून घ्यायचा. शब्द देणारा गेला की त्याच्या मुलाला तो शब्द ऐकूही आलेला नसतो.

---

सिंहगड_रोड

माझा अनुभव थोडा वेगळा. मी आणि मिस्टर नाशिकचं घर विकून पुण्यात मुलाजवळ आलो. तीन वर्षांत मुलगा-सून कॅनडाला गेले. आता आम्ही दोघं पुण्यात, नाशिकची माणसं नाशिकला. मधुमालती, तुझी मुलगी पुण्यात आहे म्हणून तिसरा पर्याय पुणे असा विचार कुणी सुचवला तर एवढं लक्षात ठेव. मुलांच्या नोकरीच्या गावाला आपलं गाव करू नये. डोंबिवलीत तुझ्या मैत्रिणी आहेत हे तू फार सहज लिहिलंयस, ती मोठी ठेव आहे.

---

वहीखातं

कुळकायदा ताईंचं वाचून मला एक हिशोब जोडावासा वाटतो. सगळी जोडपी दोघांचा हिशोब करतात. एक कागद "मी एकटी" असा करा आणि दुसरा "मी एकटा" असा साहेबांनी करावा.

ताई, तुमच्या कागदावर पेन्शन निम्मी होईल, २,०७५. पोस्टाची दोन्ही खाती जोडीने काढलेली असली तर पैसे अडकत नाहीत, म्हणून ज्येष्ठ नागरिक खात्यातही तुमचं नाव दुसरं लावा. खर्च निम्मा होत नाही, पाऊण होतो. सोसायटीचा मेंटेनन्स, वीज, कामवाली तशीच राहते. ४२ चे साधारण साडेएकतीस हजार. मिळकत ३१,८००. म्हणजे डोंबिवलीत तुमच्या मालकीच्या घरात तुम्ही एकट्या राहू शकता. आता तोच कागद गुहागरच्या घरात, गाडी न चालवता येणारी सत्तर वर्षांची बाई म्हणून करून बघा. साहेबांनाही करायला सांगा: एकटा पुरुष, त्या घरात, स्वयंपाक स्वतःचा.

दोघांचीही मृत्युपत्रं करा. सोसायटीत नॉमिनी लावलं म्हणजे झालं असं नाही. नॉमिनी हा सांभाळणारा, मालक वारसच.

---

पागोळी

हा एकट्याचा कागद मी कधी केला नव्हता. काल रात्री करून पाहिला.

ताई, एक मधला मार्ग. तीस लाख नाही, चार-पाच लाखांत राहण्याजोगं करा. आतच कमोड असलेलं न्हाणीघर, गळती बंद, इन्व्हर्टर, एका खोलीला जाळ्या. तेवढेच पैसे बुडाले तर सोसता येतील असे. साहेबांनी जून ते सप्टेंबर तिथे राहावं. तुम्ही वाटलं तर जा, नाही वाटलं तर डोंबिवलीत राहा.

---

मधुमालती_डोंबिवली

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन-चार दिवस आम्ही ह्यावरच बोलतोय. इतकी वर्षं भांडत होतो, बोलत नव्हतो.

ह्यांनी "मी एकटा" कागद केला. मला दाखवला नाही, पण दुसऱ्या दिवशी स्वतःहून म्हणाले, फ्लॅटचं पुढच्या दिवाळीपर्यंत बोलायला नको. मी म्हटलं, मग मीही एक पाऊल टाकते. पुढचा पावसाळा हे गावी राहतील आणि मी जुलैचा पूर्ण महिना जाईन. पण सून म्हणून नाही. त्या महिन्यात पाहुणे बोलवायचे नाहीत आणि रोज चहा ह्यांनी करायचा, असं ठरलंय. गाडी शिकायचा क्लास इथे स्टेशनजवळच आहे, चौकशी केली.

फ्लॅट भाड्याने देणार नाही. १७ हजार सोडायला ह्यांना जड जातंय आणि मला ते कळतं, वर्षाचे दोन लाख होतात. पण भाडेकरू ठेवला आणि ऑगस्टमध्ये मला परत यायचं झालं तर मी कुठे येऊ? ह्यावर अजून आमचं एकमत नाही.

कुळकायदा ताई, तुम्ही विचारलंत म्हणून मोजलं. दोन चुलत दीर, त्यांची एक बहीण, माझी एक नणंद, आणि आत्यांची चार मुलं. आठ जणं निघाली. ह्यांना वाटत होतं तिघंच आहेत. ह्यांनी मोठ्या दिरांना फोन केला तर ते म्हणाले, सही देतो, पण मागच्या खोल्या आमच्यासाठी ठेव. आत्याच्या धाकट्या मुलाचा नंबर कुणाकडेच नाही.

---

कुळकायदा

मागच्या खोल्या म्हणजे नेमक्या कोणत्या, तिकडे जायची वाट कुठून, विहिरीचं पाणी कुणाचं, हे नकाशा काढून वाटपपत्रात लिहून घ्या. आणि धाकट्याचा नंबर शोधा. त्याची सही नसेल तर बाकी सात असूनही कागद अपुरा राहतो.

---

नाना_दापोलीकर

साडूंना विचारलं. त्यांनी सूट घेतली होती आणि आता खुलासा मागितलाय खात्याने. सीएकडे चाललेत.